हॉटेलनं कापलेला टीडीएस आणि न दिसणारे दहा हजार

*"मी म्हापशाची. घरं आणि हॉटेलं यांच्या इंटिरियरची कामं स्वतंत्रपणे घेते. २०२५-२६ मध्ये कळंगुटच्या एका हॉटेलला लाख-लाखाची तीन बिलं दिली. ऑगस्टमध्ये चवथीच्या आधी एक, मग नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत. तिन्ही वेळा दहा हजार कापून नव्वद हजार खात्यात आले. आता माझ्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, म्हणजे २६एएस, उघडला तर वीसच हजार दिसतात. हॉटेलचा अकाउंटंट म्हणतो, 'भरलेत, येतील.' माझा सीए म्हणतो, दिसतात तेवढेच दाखवा. शिवाय पणजीच्या एका आर्किटेक्ट फर्मला मार्चअखेर साठ हजारांचं बिल दिलं होतं. पैसे मे महिन्यात आले, पण त्यावरचे सहा हजार मात्र आधीच्याच वर्षात दिसताहेत. घरमालकांकडून ४ लाख २० हजार आले, त्यावर कोणी काही कापलं नाही. रिटर्न कसं भरू? आणि ते दहा हजार बुडाले का?" – एक वाचक, म्हापसा*

ताई, बुडालेले नाहीत. पण "येतील" म्हणून आपोआपही येणार नाहीत. ते कुठं अडकलेत हे शोधायला तुम्हालाच दोन-तीन फोन करावे लागतील, आणि ते रिटर्न भरायच्या आधी केलेले बरे.

आधी तुमचा हिशेब मांडतो, म्हणजे या दहा हजारांसाठी एवढं कशाला झटायचं ते कळेल. हॉटेलकडून तुमची जमा ३ लाख धरायची, खात्यात आलेले २ लाख ७० हजार नाहीत. कापलेला कर हेही तुमचंच उत्पन्न आहे, फक्त ते तुमच्या नावानं परस्पर सरकारकडे गेलं. बँकेच्या पासबुकावरून जमा मांडणारे इथंच चुकतात. उत्पन्न कापून उरलेलं दाखवतात आणि टीडीएस मात्र पूर्ण मागतात. तर हॉटेलचे ३ लाख आणि घरमालकांचे ४ लाख २० हजार मिळून ७ लाख २० हजार झाले. आर्किटेक्ट फर्मचे साठ हजार तूर्त बाजूला ठेवू, त्यांच्याकडे शेवटी येतो.

इंटिरियर डेकोरेशन हा कलम ४४एडीएमध्ये बसणारा व्यवसाय आहे. म्हणजे खर्चाचे हिशेब न ठेवता जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. प्रत्यक्षात नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. तुमच्या बाबतीत निम्मे म्हणजे ३ लाख ६० हजार. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, तेव्हा दुसरं उत्पन्न नसेल तर तुमचा कर शून्य. (कापला म्हणजे कर लागलाच, असा समज आपल्याकडं फार आहे. १० टक्के हा कापण्याचा दर आहे, तुमच्या कराचा नव्हे.) कर शून्य असल्यामुळं हॉटेलनं कापलेले तीसच्या तीस हजार तुम्हाला रिफंड म्हणून परत यायला हवेत. जे दहा दिसत नाहीत, ते थेट तुमच्या हातातले आहेत.

आता २६एएस नीट वाचू. आयकराच्या पोर्टलवर `e-File > Income Tax Returns > View Form 26AS` असं गेलात की ट्रेसेस ही टीडीएसच्या नोंदींची सरकारी साइट उघडते. तिथं `Assessment Year` मध्ये `2026-27` निवडायचं, कारण २०२५-२६ च्या कमाईचं करनिर्धारण वर्ष एकानं पुढचं असतं. बरेच जण चुकून २०२५-२६ निवडतात आणि काहीच दिसत नाही म्हणून घाबरतात. तुम्हाला वीस हजार दिसले, म्हणजे वर्ष बरोबर निवडलंत.

हॉटेलच्या नावाची ओळ उघडली की आत एकेका व्यवहाराची ओळ दिसते. कलमाच्या रकान्यात `194JB` असायला हवं. व्यावसायिक फीसाठी १० टक्क्यांचं कलम तेच. त्याच्या पुढं व्यवहाराची तारीख, आणि `Status of Booking` नावाचा एक चिमुकला रकाना. त्यात `F` असेल तर सरकारी खात्यात पैसे जमा होऊन जुळणीही झाली. `U` असेल तर हॉटेलनं तिमाही विवरणपत्रात तुमचं नाव लिहिलं, पण त्यात दाखवलेलं चलन बँकेकडून आलेल्या माहितीशी जुळत नाही. आणि तिसरी शक्यता म्हणजे ओळच नसणं.

तुमच्या वीस हजारांच्या दोन ओळी कुठल्या तारखांच्या आहेत ते आधी पाहा. फेब्रुवारीची ओळ नसेल तर जानेवारी-मार्च तिमाहीचं विवरणपत्र, ज्याची मुदत ३१ मे होती, भरायला उशीर झाला असेल आणि थोड्या दिवसांत ती ओळ येऊ शकेल. पण नोव्हेंबरची ओळ गायब असेल, आणि माझा अंदाज तोच आहे, तर "येतील" या उत्तरात काही अर्थ नाही. नोव्हेंबरात कापलेला कर ७ डिसेंबरपर्यंत भरायचा होता. त्या तिमाहीचं २६क्यू विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत जायला हवं होतं आणि कर कापल्याचं तुमचं सोळा-ए प्रमाणपत्र १५ फेब्रुवारीपर्यंत हातात पडायला हवं होतं. त्याला आता किती महिने झाले ते बघा.

नोव्हेंबरची ओळच नसेल तर कारणं तीनच संभवतात. कर कापला पण भरलाच नाही. किंवा भरला, पण विवरणपत्रात तुमची नोंद करायची राहिली. किंवा नोंद केली, पण तुमचा पॅन चुकीचा टाकला. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात, म्हणून अकाउंटंटला "भरलेत का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याच्याकडे वस्तू मागा. नोव्हेंबरच्या कपातीच्या चलनाची प्रत, ज्यावर बँकेचा बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि चलनाचा क्रमांक असतो. आणि त्या तिमाहीचं सोळा-ए. चलन मिळालं नाही तर पहिलं कारण. चलन आहे पण सोळा-ए नाही, तर दुसरं किंवा तिसरं.

सोळा-एबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो. ते हॉटेलनं ट्रेसेसवरून उतरवलेलं असलं पाहिजे. त्यावर ट्रेसेसचं चिन्ह आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. काही ऑफिसं अजूनही एक्सेलमध्ये टाइप करून, शिक्का मारून, सही करून एक कागद देतात. दिसायला तो फार अधिकृत वाटतो, पण ट्रेसेस फक्त विवरणपत्रात असलेल्याच कपातीचं प्रमाणपत्र देतं, एक्सेल काहीही देतं. तुम्हाला असा टाइप केलेला कागद आला, तर विवरणपत्रात तुमची नोंद नाही याचीच ती खूण समजा.

पॅनची चूक किती साधी असते ते मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी सल्ल्याचं काम केलं, त्यांनी कर कापला, भरला, सगळं वेळेवर. माझ्या २६एएसमध्ये मात्र पत्ता नाही. त्यांचा माणूस दरवेळी चलन दाखवायचा आणि म्हणायचा, "सर, हे बघा ना, भरलंय." शेवटी मी त्यांच्या ऑफिसात जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि विवरणपत्रातली माझी ओळ वाचायला लावली. पॅनमधले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, २७ च्या जागी ७२. माझे पैसे सरकारकडे होते, पण माझ्या नावावर नव्हते. दुरुस्तीचं विवरणपत्र भरून घेईपर्यंत सात महिने गेले. म्हणून सांगतो, त्यांनी पाठवलेल्या विवरणपत्रातल्या तुमच्या ओळीचा स्क्रीनशॉट मागा आणि पॅनची दहाही अक्षरं बोट ठेवून वाचा. ही दुरुस्ती फक्त कर कापणाराच करू शकतो. तुम्ही नाही, तुमचा सीए नाही, आणि आयकर खात्यातला बाबूही नाही.

अकाउंटंट टाळाटाळ करत असेल तर त्याला त्याच्याच हिताची भाषा कळते. कापलेला कर भरला नसेल तर कापल्याच्या तारखेपासून भरेपर्यंत दरमहा दीड टक्का व्याज हॉटेलवर चढतंय, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी तो पूर्ण महिना मोजतात. हॉटेलच्या स्वतःच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंतही तो कर भरला गेला नाही, तर तुम्हाला दिलेल्या त्या एका लाखापैकी ३० टक्के, म्हणजे ३० हजार रुपये, हॉटेलला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाहीत. आणि घोळ पॅनचा असेल, पॅन अवैध निघाला असेल, तर २० टक्क्यांनी का कापलं नाही म्हणून ट्रेसेसवर हॉटेलच्याच नावानं मागणी उभी राहिलेली असते. ती त्यांनी उघडून पाहिलेली नसते एवढंच.

फोनवर बोलून झालं की ईमेल नक्की करा. असं काहीसं लिहा, भांडणाचा सूर नको:

*"तुमच्या ऑफिसला दिलेल्या नोव्हेंबर २०२५ च्या १,००,००० रुपयांच्या बिलातून १०,००० रुपये टीडीएस कापून ९०,००० रुपये माझ्या खात्यात जमा झाले. ही कपात माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही. कृपया त्या कपातीचं चलन आणि ट्रेसेसवरून उतरवलेलं सोळा-ए पंधरा दिवसांत पाठवावं. पॅन चुकला असल्यास किंवा नोंद राहिली असल्यास दुरुस्ती विवरणपत्र भरावं. माझा पॅन सोबत जोडला आहे."*

सोबत बिलाची प्रत आणि नव्वद हजार जमा झाल्याची बँकेची नोंद जोडा. या ईमेलचा उपयोग नंतर पुरावा म्हणून होतो, आणि त्यावर हॉटेलनं नुसतं "हो, कापलेत, बघतो" असं उत्तर दिलं तरी तो कापल्याचा कबुलीजबाब आहे. जपून ठेवा. दुरुस्तीच्या विवरणपत्रालाही आता कालमर्यादा आहे. नव्या आयकर कायद्यात ती दोन वर्षांवर आणली आहे, तेव्हा "पुढच्या वर्षी करू" हे ऐकून घेऊ नका.

तुमच्या व्यवहाराला तसा १९६१ चाच कायदा लागू, कारण ही कमाई २०२५-२६ ची. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला लागतो आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. पुढच्या वर्षी कागदावर १९४जे दिसलं नाही तर गोंधळू नका.

आता रिटर्न. तुम्हाला आयटीआर-४ चालेल. दुसरं काही गुंतागुंतीचं उत्पन्न, उदाहरणार्थ जमीन किंवा शेअर विकल्याचं, नसलं म्हणजे झालं. मुदतीच्या आधी हॉटेलनं दुरुस्ती केली तर प्रश्नच नाही. ओळ आल्याची खात्री करून मगच रिटर्न भरा. दुरुस्ती झाली नाही आणि मुदत तोंडावर आली, तर काय करायचं यावर तुमच्या सीएचं आणि माझं मत वेगळं पडतं.

दिसतात तेवढेच वीस हजार मागितले तर रिफंड झटपट येईल, हे त्यांचं खरं आहे. पण रिटर्नमध्ये जे मागितलंच नाही ते नंतर मागताना सुधारित रिटर्न भरावं लागतं, आणि त्याचीही मुदत संपते. हॉटेलनं सात-आठ महिन्यांनी दुरुस्ती केली आणि तुमची मुदत गेलेली असली, तर ओळ दिसूनही पैसे मिळवायला वेगळी झटापट. म्हणून मी असतो तर टीडीएसच्या तक्त्यात हॉटेलच्या टॅनपुढं, म्हणजे कर कापणाऱ्याच्या क्रमांकापुढं, आपोआप आलेले वीस हजार दुरुस्त करून तीस लिहिले असते. अर्थात बिल, बँकेची नोंद आणि ईमेल हातात असेल तरच. उत्पन्नात पूर्ण ३ लाख दाखवलेलेच आहेत, तेव्हा मागणीला आधार आहे.

यानंतर काय होईल तेही आधीच सांगतो, म्हणजे दचकणार नाही. बेंगळुरूचं प्रक्रिया केंद्र २६एएसशी जुळवून वीस हजारच मान्य करील आणि कलम १४३(१) खाली तसं कळवील. तुमचा कर शून्य असल्यानं तुमच्याकडून काही मागणार नाहीत, फक्त रिफंड दहा हजारांनी कमी येईल. पुढं ओळ दिसायला लागली की पोर्टलवर `Services > Rectification` मध्ये जाऊन `Tax credit mismatch correction` निवडायचं आणि अर्ज करायचा. आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत दुरुस्ती होऊ शकते. सुधारित रिटर्नच्या मानानं ही मुदत बरीच ऐसपैस आहे, आणि पूर्ण तीस मागून ठेवण्यामागं माझं कारण हेच.

हॉटेलनं शेवटपर्यंत भरलंच नाही तर? कलम २०५ सांगतं की ज्याचा कर कापला गेला, त्याच्याकडून तेवढाच कर पुन्हा थेट वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं, आणि गोवा त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतो, २००७ साली एका पगारदाराच्या बाबतीत हेच ठरवलं. मालकानं कापलेला कर भरला नव्हता, तरी वसुली मालकाकडून करा, नोकराकडून नको. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानंही १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या. पण हे कवच नीट समजून घ्या. ज्याच्यावर कर निघतो त्याला ते वाचवतं. मागणीची नोटीस आली की ते पुढं करायचं. तुमच्यावर कर निघतच नाही, तुम्हाला पैसे परत हवेत. सरकारकडे जमाच न झालेले पैसे रिफंड म्हणून मिळवणं या कलमावरून सोपं नाही. म्हणून तुमच्यासारख्या शून्य कर असणाऱ्या माणसानं हॉटेलचा पाठपुरावा सोडता कामा नये. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पणजीत पाटोवरच्या आयकर भवनात टीडीएस अधिकाऱ्याच्या नावानं, कागदांच्या प्रती जोडून, लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्यायला विसरू नका. कापून न भरलेला कर हॉटेलकडून वसूल करणं हे त्या अधिकाऱ्याचं काम आहे आणि कळंगुटपर्यंत पोचायला त्याला तुमच्या अर्जासारखी माहितीच लागते.

आता आर्किटेक्ट फर्मचे साठ हजार. त्यांनी काही चूक केलेली नाही. बिल आपल्या वह्यांत जमा केलं किंवा पैसे दिले, यातलं जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा असतो. त्यांनी मार्चमध्ये बिल नोंदवलं, सहा हजार कापले, आणि पैसे सवडीनं मेमध्ये दिले. (एका ग्राहकाकडून वर्षात ५० हजारांहून जास्त फी झाली की कपात येते. २०२४-२५ पर्यंत ही रेषा ३० हजारांची होती. घरमालकांनी आपल्या घरासाठी फी दिली, तिथं १९४जे लागतच नाही, म्हणून तिथून काही कापलं गेलं नाही.)

तुम्ही जमा कशी धरता यावर उत्तर अवलंबून आहे. पैसे हातात आले की जमा, अशी तुमची दरवर्षीची रीत असेल, तर साठ हजार २०२६-२७ चे. मग सहा हजारही त्याच वर्षी मागायचे. नियम ३७बीए हेच म्हणतो, उत्पन्न ज्या वर्षी करपात्र, श्रेय त्या वर्षी. बिल दिलं की जमा, अशी रीत असेल तर दोन्ही आताच दाखवा. ७ लाख ८० हजारांचे निम्मे ३ लाख ९० हजार होतात, म्हणजे तरीही कर शून्यच. पण दरवर्षी सोयीनं रीत बदलत राहू नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सहा हजार आता मागणं आणि साठ हजार पुढं ढकलणं. तसं केलंत तर कलम १३९(९) खाली रिटर्न सदोष असल्याची नोटीस येते आणि उत्तर देईपर्यंत तुमचा सगळाच रिफंड अडकतो, हॉटेलचासुद्धा.

तुमच्या पत्रावरून तुम्ही पैसे आल्यावर जमा धरता असं वाटतं. तसं असेल तर टीडीएसच्या तक्त्यात आर्किटेक्ट फर्मच्या टॅनची ओळ पुसू नका. ती राहू द्या. या वर्षी मागायच्या रकमेच्या रकान्यात शून्य घाला, म्हणजे पुढं नेण्याच्या रकान्यात सहा हजार उरतील. रिटर्नची प्रत जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्या साठ हजारांचं उत्पन्न दाखवाल तेव्हा हे सहा हजार नव्या वर्षाच्या २६एएसमध्ये दिसणार नाहीत. आधीच्या वर्षातून आणलेली रक्कम म्हणून ती तुम्हालाच हातानं भरावी लागेल, मूळ कपातीचं वर्ष २०२५-२६ लिहून.